उपघटक ३.४ : पत्रव्यवहाराच्या सारांशातील श्रेयाची दुरुस्ती

मागील उपघटकात आपण लांबलेल्या ईमेल-व्यवहाराचा सारांश कसा लिहावा हे पाहिले. आता बाजू बदलू. सारांश दुसऱ्याने लिहिला आहे आणि आपण केलेले काम त्यात सहकाऱ्याच्या नावावर पडले आहे. अशा वेळी दुरुस्ती सुचविणारे पत्र कसे लिहावे, हा या उपघटकाचा विषय आहे.

एक रचलेले उदाहरण घेऊ. नांदेड आणि लातूर येथील दोन महाविद्यालये मिळून शेतीविषयक बोलीशब्दांचा संग्रह करीत आहेत. नांदेडच्या मॅडम तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांनी बिलोली व देगलूर तालुक्यांतील गावांत जाऊन तिफण, वखर यांसारख्या अवजारांच्या भागांची आणि पेरणी-काढणीची मिळून २४० नावे जमवली. ३ जूनला ती यादी त्यांनी लातूरच्या सरांना, फक्त त्यांनाच, ईमेलने पाठवली. सरांनी उदगीरकडचे ६० शब्द त्यात घातले, नोंदी अकारविल्हे लावल्या आणि १० जूनला सर्वांना कळवले : ‘सोबत ३०० शब्दांची यादी जोडली आहे.’ १४ जूनला प्रकल्प-समन्वयकांचा सारांश आला. त्यातील तिसरा मुद्दा असा : ‘लातूरच्या सरांनी ३०० शब्दांची यादी तयार केली. नांदेड केंद्राचे सहकार्य लाभले.’

चूक कोठे झाली?

मॅडमचा पहिला विचार असा होईल, की सरांनी श्रेय लाटले. पण १० जूनचे वाक्य पुन्हा वाचा. मराठीत ‘यादी जोडतो’ किंवा ‘यादी जोडतात’ म्हटले, तर क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘यादी जोडली’ म्हटले, की क्रियापद यादीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मी जोडली तरी ‘जोडली’, त्यांनी जोडली तरी ‘जोडली’. भूतकाळी कर्मणी रचनेत कर्ता गाळला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहते, परंतु काम कोणाचे हे सांगत नाही. ‘करण्यात आली’, ‘तयार झाली’ या कार्यालयीन रचनांचेही तसेच आहे. सारांश लिहिणाऱ्याला मात्र कर्ता हवा असतो. ती रिकामी जागा तो ईमेल पाठवणाऱ्याच्या नावाने भरतो आणि ‘जोडली’चे ‘तयार केली’ होते. समन्वयकांनी ३ जूनचा ईमेल पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्यांना दुसरे काही कळण्याचा मार्गही नव्हता.

हे निदान आधी करावयाचे, कारण त्यावर पत्राचा सूर ठरतो. येथे माहितीची एक कडी गळली आहे, आणि दुरुस्ती म्हणजे ती कडी पुरविणे. (सरांनी १० जूनला ‘मॅडमच्या यादीत भर घालून’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर हा उपघटक लिहावाच लागला नसता.)

बिघडलेला मसुदा

रागाच्या भरात लिहिलेले पत्र बहुधा असे असते : ‘खरे तर ही यादी मीच तयार केली आहे. सरांनी फक्त थोडे शब्द घातले. कृपया याची नोंद घ्यावी.’

यातील विधान खोटे आहे असे नाही. तरीही ते वाचणाऱ्याला खटकते. ‘मीच’मधील ‘च’ हा शब्दयोगी अंश इतर सर्वांना बाहेर काढतो. ‘मी केली’ ही माहिती आहे. ‘मीच केली’ हा वाद आहे, कारण कोणीतरी उलट म्हणाले असावे असे तो गृहीत धरतो. ‘खरे तर’ या शब्दांनी आधीचे विधान खोटे ठरते आणि सारांशकार आरोपीच्या जागी जातो. ‘फक्त’ व ‘थोडे’ सहकाऱ्याचे काम मोजण्याऐवजी लहान करतात. शिवाय पत्रात एकही तारीख नाही, म्हणून समन्वयकांपुढे निवड उरते ती दोन माणसांच्या शब्दांतली. क्षुद्रपणा जाणवतो तो येथे. श्रेय मागण्यात मला स्वतःला काही कमीपणा वाटत नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तर पुढील मुलाखतीत दाखवायला असल्या नोंदीच असतात.

सुधारलेला मसुदा

लिहिण्यापूर्वी मॅडमनी सरांना फोन करावा. ‘सर, सारांशात यादीची ओळ जरा चुकली आहे, मी समन्वयक सरांना कळवते, तुमचे साठ शब्द आणि मांडणी त्यात लिहिते,’ एवढे पुरे. बहुतेक वेळा सर स्वतःच ‘मीच कळवतो’ म्हणतात, आणि मग प्रश्न मिटतो. न म्हटल्यास पत्र असे लिहावे :

> विषय : १४ जूनच्या सारांशातील मुद्दा ३
>
> आदरणीय सर, नमस्कार.
>
> मुद्दा ३ मध्ये एक दुरुस्ती हवी आहे. यादीतील २४० शब्द मी बिलोली व देगलूर तालुक्यांतून जमवून ३ जूनला लातूरच्या सरांना पाठवले होते. तो ईमेल आपल्याकडे आलेला नव्हता. सोबत जोडत आहे. सरांनी उदगीर भागातील ६० शब्द घातले व सर्व नोंदी अकारविल्हे लावल्या.
>
> ती ओळ पुढीलप्रमाणे करता येईल : ‘३०० शब्दांची यादी तयार झाली. २४० शब्द नांदेडच्या मॅडमनी व ६० शब्द लातूरच्या सरांनी जमवले. मांडणी लातूरच्या सरांनी केली.’
>
> बिलोली-देगलूरकडील शब्दांविषयी शंका आल्यास मला विचारावे. सरांशी आज फोनवर बोलणे झाले आहे.

येथे ‘मी’ आहे, ‘मीच’ नाही. कर्ता स्पष्ट आहे आणि क्रियापदे नेमकी आहेत : जमवणे, पाठवणे, घालणे, लावणे. ‘तयार करणे’ या सैल क्रियापदाच्या पोटात ही चारही कामे दडली होती. तयार ओळ दिल्यामुळे समन्वयकांना ती फक्त बदलावयाची आहे. शेवटचे वाक्य-युग्मही शोभेचे नाही. देगलूरकडे तेलुगूचा आणि उदगीरकडे कन्नडचा शेजार आहे. एखादा शब्द कोठून आला ही शंका पुढे येणारच, आणि २४० शब्दांबद्दल सरांना उत्तर देता येणार नाही.

पत्र कोणाला पाठवावे? सारांश सर्वांना गेला असला, तरी प्रथम एकट्या समन्वयकांना पाठवावे आणि सुधारित सारांश त्यांनीच सर्वांना धाडावा. दोनतीन दिवसांत उत्तर न आल्यास एक स्मरणपत्र. त्यानेही काम न झाल्यास पुढील बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो. तेथे दुरुस्ती सुचविणे हा रीतसर मार्ग आहे. इतिवृत्त कायम झाल्यावर, किंवा सारांश वार्षिक अहवालात छापून गेल्यावर, काम शुद्धिपत्रकापर्यंत जाते. म्हणून उशीर टाळावा. दोघांनी एकत्र बसून केलेल्या कामात कोणाचे किती हे ईमेलवरून दाखवता येत नसेल, तर आकडे मागू नयेत. ‘दोघांनी’ एवढाच शब्द सुचवावा. तेथे ‘आम्ही’ लिहिणे धोक्याचे असते, कारण ‘आम्ही’मध्ये वाचणारा धरला जात नाही, आणि आणखी कोण धरले आहे हेही कळत नाही.

सरावासाठी

१. ‘प्रश्नावली बनविण्यात आली असून ती सोबत पाठविली आहे.’ या वाक्यात किती कामे आहेत? प्रत्येकाचा कर्ता घालून वाक्य पुन्हा लिहा.

२. आपल्या कार्यालयातील एखाद्या इतिवृत्तातील ‘सहकार्य लाभले’ ही ओळ शोधा व त्याऐवजी नेमके क्रियापद वापरून दोन ओळींची दुरुस्ती सुचवा. ‘च’, ‘फक्त’ आणि ‘खरे तर’ वापरू नका.