राही गयं, भाऊ!

धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी बरीच वर्षं मॅनेजर आहे. सकाळी सहाला पाळी बदलते. विक्री सुरू होण्याआधी टोटलायझरचं रीडिंग, टाकीत रॉड टाकून डिप, रॉडच्या टोकाला पेस्ट लावून पाण्याची तपासणी, डेन्सिटी आणि पाच लिटरच्या मापाने प्रत्येक नोझलची चाचणी, एवढं रोज करून वहीत लिहायचं असतं. त्या वहीने मला शिकवलं ते हे.

१. बरोबरची खूण काहीच सांगत नाही. आमच्या वहीत आधी फक्त खुणा असत आणि पानं देखणी दिसत. मग मी आकडा लिहायला लावला. डेन्सिटीसाठी जारमध्ये पेट्रोल घ्यायचं, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवायचे, तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढायचा आणि तो चलनावरच्या आकड्याशी ताडायचा. ३ पेक्षा जास्त फरक पडला तर विक्री थांबवायची. पहिल्याच महिन्यात सलग तीन दिवस तेच तापमान, तीच डेन्सिटी. मधल्या दिवशी नवा टँकर उतरला होता! पोरगं जार न भरताच कालचा आकडा उतरवत होतं. रागावणार होतो, पण तिन्ही दिवसांखाली माझीच सही होती.

२. चुकणारी कामं आळसाने चुकतात असा माझा पक्का समज होता. रिकाम्या रकान्यांना लाल पेन्सिलने गोल करायला लागलो तेव्हा तो ढासळला. सगळ्यात जास्त गोल डिपच्या रकान्यात होते, तेही पेरणीच्या दिवसांत. डिप घेताना त्या टाकीची विक्री बंद ठेवावी लागते, आणि सहाला डिझेलचे ड्रम घेऊन ट्रॅक्टर रांगेत उभे. अशा वेळी कोण नोझल थांबवणार? पोरं नव्हे, आमची वेळच चुकीची होती. डिप साडेपाचला आणला, जाणारी आणि येणारी पाळी मिळून घेऊ लागल्या, आणि त्या रकान्यात लाल गोल क्वचितच दिसू लागला.

३. राहिलेलं काम मागाहून भरू द्यायचं नाही, हे मला उशिरा उमगलं. दहा वाजता घेतलेला डिप हा साडेपाचचा डिप नसतो. मधल्या साडेचार तासांत विक्री झालेली असते. म्हणून आता रकान्यात ‘राहिलं’ असं लिहायचं आणि पुढे कारण. पहिला आठवडा कुणी लिहीना. मग एकाने मान खाली घालून सांगितलं, “राही गयं, भाऊ.” मी त्याला चहा पाजला. त्यानंतर कारणं खरी येऊ लागली: माप गळतंय, टॉर्चचा सेल गेला, पाऊस होता.

४. ‘पाऊस होता’ याच कारणाने माझी जिरवली. ऑगस्टात दहा दिवसांत चार वेळा पाणी-पेस्टचा रकाना रिकामा. कारण पटण्यासारखं होतं. भर पावसात डिपचं झाकण उघडू नये, हे मीच शिकवलेलं. मी गोल केले आणि पान उलटलं. अशाच एका सकाळी पाऊस थांबल्यावर डिप घेतला. कालचा साठा आणि विक्री यांचा हिशोब धरून पेट्रोल ८,४१० लिटर हवं होतं, निघालं ८,४७०. साठ लिटर वाढ! मी चक्क खूश झालो. पेट्रोल उडून थोडं कमी होतं, आपोआप वाढत नाही, हे इतक्या वर्षांनी तरी आठवायला हवं होतं. दुपारी दोन मोटारसायकली ढकलत परत आल्या.

टाकीत पाणी शिरलं होतं. टँकर रिकामा करतात त्या नळीच्या झाकणाचं रबर झिजलेलं. पूर्वी पाणी तळाशी स्वच्छ वेगळं बसायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून तळाशी उतरतात. तिथे साधी पेस्ट धड रंग देत नाही, इथेनॉलसाठीची वेगळी वापरावी लागते. आमच्या कपाटात जुनीच ट्यूब होती. म्हणजे रकाना भरला असता तरी ‘पाणी नाही’ असंच लिहिलं गेलं असतं! विक्री बंद केली, कंपनीला कळवलं, टाकी उपसून धुतली.

५. एकच काम दोनदा राहिलं की त्याच दिवशी कारणाच्या मागे जायचं, महिनाअखेरीची वाट बघायची नाही. पावसाळ्यात आता झाकणाचं रबर हाताने चाचपणं हे वेगळं काम वहीत आहे.

६. गेल्या वर्षाची वही चाळली. सर्वांत जास्त लाल गोल शेवटच्या रकान्यात निघाले. तो मॅनेजरच्या सहीचा आहे.