पानाचा फोटो आणि सतरा सप्टेंबर

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. मैत्रिणीच्या पुस्तकातून तिने हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या धड्याच्या चार पानांचे फोटो काढून आणले. फोटोतला मजकूर उतरवून मी तिला प्रश्नोत्तरांची तीस कार्डं करून दिली. ती तिला तोंडपाठ आहेत, पण परीक्षेत 'का?' विचारलं की ती अडते. शिवाय एका कार्डावरचं साल चुकीचं निघालं. कुठे चुकलं? – एक पालक, नांदेड

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चुकीचं साल फोटोतून आलं आणि 'का'वरची अडचण कार्डं लिहिण्याच्या पद्धतीतून. आधी फोटोचं पाहू, कारण कार्डावर चूक राहिली तर मूल तीच चूक मन लावून पाठ करतं.

उघड्या पुस्तकाचा एकच फोटो काढला, तर शिवणीजवळची अक्षरं वाकतात आणि मजकूर उतरवणारी सोय दोन्ही पानांच्या ओळी एकमेकींत मिसळते. म्हणून एका फोटोत एकच पान घ्या. पुस्तक खिडकीजवळ सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा आणि आपली सावली पानावर पडू देऊ नका. नकाशा, चित्राखालच्या ओळी आणि चौकटीतला मजकूर यांचे फोटो वेगळे काढा, नाहीतर चौकटीतलं वाक्य मुख्य परिच्छेदाच्या मधोमध येऊन बसतं. मग फोटो गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि संगणकावर तो गूगल डॉक्समध्ये उघडायचा. वर फोटो आणि खाली उतरलेला मजकूर असं पान समोर येतं. फोनवर गूगल लेन्सनेही काम होतं, पण तिथे मूळ पान आणि मजकूर एकाखाली एक दिसत नाहीत, आणि ताडून पाहायला तेच हवं असतं.

ताडून काय पाहायचं? देवनागरीत 'ख' पुष्कळदा 'रव' होऊन उतरतो, 'घ'चा 'ध' होतो, अनुस्वार गळतात. पण या चुका वाचताना कानाला खटकतात, म्हणून सापडतात. आकड्यांचं तसं नाही. '१' आणि '९' यांची अदलाबदल झाली किंवा '४'चा '५' झाला, तरी वाक्य तितकंच गुळगुळीत वाचलं जातं. १९४८ ऐवजी १९५८ उतरलं तर कान काहीच सांगत नाही. म्हणून मजकूर वाचून झाला की एक फेरी फक्त आकड्यांची करा. प्रत्येक तारखेवर बोट ठेवायचं आणि फोटोतल्या आकड्याशी जुळवायचं. चार पानांना दहा मिनिटं पुरतात. तुमचं चुकलेलं साल बहुधा याच फेरीत सापडलं असतं.

आता कार्डं. तुमच्या तीसपैकी बरीचशी 'कोण' आणि 'कधी' विचारणारी असणार, कारण धड्यातलं वाक्य उचललं, त्यातला एक शब्द काढला की असं कार्ड तयार होतं. अशी कार्डं हवीतच, पण त्यांनी घटना एकमेकींना जोडल्या जात नाहीत. याच धड्याचं उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याला संस्थान स्वतंत्र ठेवायचं होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेस विलीनीकरण मागत होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. तरी रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला लष्करी कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

या मजकुरावर 'हैदराबाद मुक्तिसंग्रामाची माहिती सांगा' असं कार्ड केलं, तर उत्तर पाच वाक्यांचं होतं. दोन वाक्यं आठवली तर ते बरोबर धरायचं की चूक, हे मुलालाही कळत नाही. त्याऐवजी मी अशी कार्डं करीन :

```
#separator:tab
लष्करी कारवाई कोणत्या दिवशी सुरू झाली?	१३ सप्टेंबर १९४८
जैसे थे करार कोणाकोणात झाला?	भारत सरकार आणि निजाम
करार होऊनही दहा महिन्यांत सैन्य का आलं?	रझाकारांचे अत्याचार वाढले, वाटाघाटी फसल्या
नांदेडला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य का मिळालं नाही?	निजाम भारतात सामील झाला नव्हता
```

शेवटची दोन कार्डं पाहा. त्यांची उत्तरं पुस्तकात एका ओळीत सापडत नाहीत. दोन परिच्छेद जोडावे लागतात. म्हणून ती पालकाने किंवा शिक्षकाने लिहू नयेत, मुलीलाच लिहू द्यावीत, ही माझी ठाम सूचना. तारखांची कार्डं तुम्ही करा, 'का'ची तिला करू द्या. प्रश्न शोधताना ती धडा पुन्हा वाचेल, आणि तिची खरी अडचण तिथेच आहे. एका पानातून सहा ते आठ कार्डं पुरेत.

वरचा मजकूर साध्या फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवला, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये टॅब दिला, की अँकी हे मोफत अॅप तो `Import` करून घेतं. कार्डाचा प्रकार `Basic` निवडा. उत्तर आठवलं नाही तर `Again` दाबायचं, म्हणजे ते कार्ड थोड्याच वेळात पुन्हा येतं. आठवत गेलेली कार्डं दिवसेंदिवस लांबणीवर पडतात. फोन द्यायचा नसेल, तर जाड कागदाचे तुकडे आणि तीन डबे घ्या : चुकलेलं कार्ड पहिल्या डब्यात, जमलेलं पुढच्या. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडायचा.

मूल विषय पाठ करत आहे की कार्डाचा चेहरा, हे ओळखण्याची एक खूण आहे. तुम्ही अर्धा प्रश्न वाचलात आणि उत्तर आलं, तर तिने प्रश्नाची सुरुवात ओळखली आहे. मग तोच प्रश्न उलटा विचारा. 'कारवाई कधी सुरू झाली?' याऐवजी '१३ सप्टेंबर १९४८ ला काय घडलं?' अडली, तर ते कार्ड पहिल्या डब्यात.

एक सापळा खास आपल्याकडचा आहे. लातूरच्या विद्यार्थ्यांना शिकवताना तो मी फार वेळा पाहिला. 'मराठवाड्यात किती जिल्हे?' असं कार्ड केलं, तर धड्याचं उत्तर पाच आणि मुलाला ठाऊक असलेलं आठ, आणि दोन्ही खरी. १९४८ साली औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद एवढेच जिल्हे होते. लातूर उस्मानाबादमधून वेगळा झाला तो १९८२ मध्ये. जालना त्याआधी वर्षभर, हिंगोली १९९९ मध्ये. म्हणून प्रश्नातच साल घाला : '१९४८ साली मराठवाड्यात किती जिल्हे होते?' तसंच १७ सप्टेंबरचं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालं. नुसतं '१७ सप्टेंबरला काय झालं?' विचारलंत, तर नांदेडची मुलगी विद्यापीठ सांगेल, आणि तिला चूक म्हणता येणार नाही.

गावाशी जोडलेलं कार्ड मात्र जरूर करा. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. हे कार्ड मुलांना पहिल्या फेरीतच लक्षात राहतं. त्याच्यामागोमाग 'रझाकार संघटना कशासाठी उभी राहिली?' हे कार्ड ठेवा. ओळखीच्या गावाचं नाव नुकतंच मनात आलेलं असतं, आणि 'का'चा प्रश्न तेव्हा तिला परका वाटत नाही.