आधी बोटं हलव, मूठ नंतर

अगं, ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले नस मोकळी झाली, आणि तू हाताची जाड पट्टी सांभाळत घरी आलीस. आता आपल्याकडे होतं काय, घरातली माणसं दोन टोकं गाठतात. सासू म्हणते, हात अजिबात हलवू नको. नवरा म्हणतो, वेचणी तोंडावर आली, आठ दिवसांत शेतात येशील ना? तू दोघांचंही ऐकू नकोस. नीट बस, मी सांगते.

आधी हातात झालंय काय ते कळलं की बाकीचं आपोआप समजतं. मनगटाच्या आत, तळव्याच्या बाजूला, एक चिवट आडवा पट्टा असतो. त्याच्या खालून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. जागा कमी पडली की नस चिमटते, म्हणून रात्री अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर व्हायची, हात झटकत उठावं लागायचं. डॉक्टरांनी तो पट्टा कापून नसेला जागा दिली. त्याची दोन टोकं आता मधल्या फटीत नवं ऊतक धरून हळूहळू जुळतील, त्याला दीड ते तीन महिने लागतात. तोवर त्या दोऱ्यांना वरून धरून ठेवणारं मजबूत असं काही नाही. मनगट आत वाकवून तू जोरात मूठ आवळलीस, तर त्या ताणून पुढे येऊ पाहतात, आणि कोवळ्या जागेवर सगळा भार येतो. म्हणून पहिला महिना एवढं जप: वाकलेलं मनगट आणि जोराची पकड, दोन्ही एकत्र नकोत. नुसतं हलवणं मात्र हवंच.

पहिल्या आठवड्यात शत्रू एकच, सूज. पहिले दोन-तीन दिवस हात हृदयापेक्षा उंच राहू दे. बसलीस तर उशीवर कोपर टेकून, झोपलीस तर दोन उशा रचून. गळ्यात झोळी बांधून दिवसभर हात खाली धरू नकोस. मागे बेल्याकडची एक बाई माझ्याकडे व्यायामाला आली, तेव्हा तिचे टाके निघाले होते पण बोटं तळव्याला टेकत नव्हती. तिने दुखेल म्हणून टाके निघेपर्यंत हात झोळीतच ठेवला होता, बोटं हलवलीच नव्हती. जखम सुंदर भरली होती, पण सूज बोटांत बसली आणि सांधे आखडले. ऑपरेशनाने जे दिलं ते परत मिळवायला तिला पुढे कित्येक आठवडे रोज घाम गाळावा लागला. तुझं तसं व्हायला नको, म्हणून ऑपरेशनच्याच दिवसापासून बोटं हलव. पट्टी असली तरी बोटांची टोकं मोकळी असतातच.

कसं हलवायचं ते सांगते. कोपर टेक, बोटं वर, मनगट सरळ. पहिल्यांदा सगळी बोटं ताठ कर. मग मुळातले सांधे सरळच ठेवून फक्त वरची दोन पेरं वाकव, हुकासारखी. पुन्हा ताठ. मग हळूच पूर्ण मूठ, जोर न लावता. पुन्हा ताठ. मग बोटं ताठ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकव. शेवटी मुळं आणि मधली पेरं वाकवून बोटांची टोकं तळव्याच्या बुडाला टेकव, शेवटची पेरं सरळच राहू देत. प्रत्येक ठिकाणी पाचेक सेकंद थांब. असे पाच फेरे, जागेपणी दर दोन तासांनी. एवढ्यासाठी की ह्या वेगवेगळ्या आकारांत त्या दोऱ्या एकमेकींवरून वेगवेगळ्या अंतराने सरकतात आणि जखमेच्या आत चिकटत नाहीत. त्याबरोबर अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लाव. कोपर आणि खांदाही दिवसातून दोनतीनदा फिरव, नाहीतर खांदा धरतो. जाड पट्टी काढून लहान बसवली की, साधारण तीन ते पाच दिवसांत, मनगटही हळूच वर-खाली हलवायला लाग, पण हातात काहीही न धरता आणि दुखण्याच्या अलीकडे थांबून.

पट्टी ओली करू नकोस. आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी मनगटाच्या वर घट्ट बांध. वरणभात काही दिवस चमच्याने किंवा दुसऱ्या हाताने खा. बटण लाव, चहाचा कप धर, फोन धर, हे सगळं चालतं. भांडी घासायची नाहीत आणि चुलीवरचं जड पातेलं उचलायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवं काही नाही, तेच चालू ठेव. टाके सहसा दहा ते चौदा दिवसांनी निघतात. ऑपरेशन रिम्समध्ये झालं असो की नागपूर-हैदराबादला, टाके कुठे आणि कधी काढायचे हे आधीच विचारून घे. साखरेचा त्रास असेल तर डॉक्टर थोडं लांबवतीलही. आणि तुझ्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐक. आत काय दिसलं ते त्यांनी पाहिलंय.

आता तिसरा आणि चौथा आठवडा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बायका इथेच सोडून देतात. टाके निघून दोन-तीन दिवस झाले, खपली गेली, जखम पूर्ण कोरडी आणि बंद आहे, मगच व्रणाला हात लाव. खोबरेल तेलाचे दोन थेंब घे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व्रणावर आधी गोल गोल, मग आडवं, मग लांबीने चोळ. कातडी थोडी पांढरी पडेल एवढा दाब. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. नुसतं तेल वरवर फिरवून उपयोग नाही, कातडी खालच्या थरावर सरकली पाहिजे. रोज केलंस तर व्रण मऊ होतो आणि खालच्या दोऱ्यांना ओढत नाही.

व्रणाला नुसता पदर लागला तरी झिणझिण होते ना? ती कातडीची अतिसंवेदना, तिलाही सवय लावावी लागते. तुझ्या घरी कापूस आहेच, सरकी काढलेल्या मऊ बोळ्याने आधी हळू हळू घास. त्रास होईना झाला की जुनं सुती फडकं, मग टॉवेल. शेवटी टोपलीत कोरडे तांदूळ किंवा तुरीची डाळ घे आणि हात बुडवून बोटांनी चाळत बस. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं.

नसेला सरकवण्याचा व्यायामही याच सुमारास सुरू कर. मनगट सरळ ठेवून मूठ, मग बोटं उघड आणि अंगठा शेजारीच ठेव, मग मनगट मागे ने, मग अंगठा बाहेर काढ, मग तळवा आकाशाकडे कर. एकेका पायरीला थांब, पाच वेळा, दिवसातून तीनदा. हलक्या मुंग्या आल्या आणि हात खाली घेताच गेल्या, तर ठीक. मुंग्या रेंगाळल्या, तर त्या आधीच्या पायरीवर थांब. नस ओढून लवकर बरी होत नाही.

आणखी एक त्रास होईल, तो आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. तळव्याच्या बुडाशी, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या अशा दोन्ही बाजूंना, दाबलं की ठणकेल. जमिनीवर बसून उठताना आपण तळवा टेकवतो, तेव्हा नेमकं तिथेच दुखतं. बऱ्याच जणींना हे तीन महिन्यांपर्यंत राहतं, काहींना त्याहूनही जास्त. ऑपरेशन बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. काही दिवस खाट किंवा खुर्ची वापर, उठताना दुसरा हात टेकव.

चौथा आठवडा संपल्यावर ताकदीकडे वळ. मऊ स्पंज किंवा गुंडाळलेले मोजे तळव्यात धर, मनगट सरळ ठेवून हळू दाब, तीन आकडे मोजेपर्यंत थांब, सोड. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या आठवड्यात सैल मळलेल्या कणकेचा गोळा बोटांच्या टोकांनी चिमटत जा. ह्यात मोजमाप एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा सुजलेला किंवा जास्त दुखरा असेल, तर व्यायाम निम्मा कर. जास्त केलं म्हणून जास्त फायदा होतो असं अभ्यासांतही दिसलेलं नाही. थोडंच पण रोज कर.

कामाचं काय? सहा आठवड्यांनी अर्धी बादली, मग पाऊण. भाकर थापणंही त्यानंतरच, आणि पहिल्यांदा दोनच. ओले कपडे पिळणं मात्र सगळ्यात शेवटी ठेव, कारण त्यात मनगट वाकतं आणि पकडही जोराची असते, मी सांगितलं तेच दोन्ही एकत्र. तोवर ते वाळत घालताना पाणी निथळू दे. वेचणी हलकी वाटते, पण प्रत्येक बोंडातून कापूस काढताना अंगठा-बोटांची चिमट, तीही दिवसभर शेकडो वेळा. सहा आठवड्यांनंतर तासभर वेच, मग हाताला विसावा. पूर्ण दिवसाची मजुरी आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, तुझा हात जसा सांगेल तसं. कापसाची गाठोडी डोक्यावर चढवायला तीन महिने थांब. पकडीची जुनी ताकद परतायलाही साधारण तेवढाच काळ लागतो.

बधिरपणाचं खरं सांगते. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा काही दिवसांतच जातात. पण बोटांची टोकं वर्षानुवर्षं बधिर असतील, तर ती महिनोन्‌महिने घेतात, आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायू आधीच सुकलेला असेल तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही. व्यायामाने सांधे, दोऱ्या आणि व्रण सुटे राहतात. नसेची वाढ तिच्या गतीने होते.

या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दवाखान्यात जा: जखम लाल होऊन गरम लागते, पू येतो, ताप चढतो; बधिरपणा ऑपरेशनआधीपेक्षा वाढतो; अंगठा बोटांकडे आणता येत नाही; किंवा हात सुजून कातडी चकचकीत होते, रंग बदलतो, आग होते आणि हात लावू देत नाही. शेवटचं लक्षण लवकर ओळखलं तर आवरतं, उशीर झाला तर हात महिनोन्‌महिने अडकतो.

आणि दुसऱ्या हातालाही तोच त्रास आहे, मला माहीत आहे. त्याचं ऑपरेशन लगेच उरकू नकोस. ह्या हाताने पूर्ण मूठ होऊ दे, पाण्याचा तांब्या नीट धरता येऊ दे, मग डॉक्टरांशी बोल आणि तारीख वेचणीच्या हंगामाबाहेरची घे.