नव्या नळांचे निर्जंतुकीकरण

बंगलोर शहराला कावेरीचे पाणी १९७४ सालापासून मिळत आहे. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध केलेले हे पाणी इमारतीपाशी पोहोचले, तरी इमारतीतील नवे नळ स्वच्छ असतीलच असे नाही. जोडकामाच्या वेळी त्यांत माती, तेल आणि कामगारांच्या हातांवरील जंतू शिरलेले असतात. म्हणून रहिवाशांच्या स्वाधीन करण्यापूर्वी टाकी आणि नळ क्लोरिनने निर्जंतुक करावे लागतात.

प्रथम टाकी घासून धुतात आणि नळांतून साधे पाणी जोराने सोडून गाळ काढून टाकतात. ही पायरी गाळता येत नाही. कारण क्लोरिन आधी मातीतील सेंद्रिय द्रव्यांवर खर्ची पडतो आणि जंतूंसाठी फारच थोडा उरतो.

त्यानंतर दर दहा लाख भाग पाण्यास पन्नास भाग, म्हणजे दर १,००० लिटरला ५० ग्रॅम, क्लोरिन मिळेल अशा बेताने विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, घालतात. ताज्या चूर्णात सुमारे एक-तृतीयांश क्लोरिन असतो, म्हणून १,००० लिटरला १५० ग्रॅम आणि ५,००० लिटरच्या टाकीला ७५० ग्रॅम चूर्ण पुरते. परंतु दमट जागी पडून राहिलेल्या चूर्णात क्लोरिनचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले असेल, तर त्याच टाकीला १,२५० ग्रॅम लागेल. चूर्ण थोड्या पाण्यात कालवून, टाकी भरत असतानाच हळूहळू मिसळतात.

टाकी भरल्यावर तिच्याजवळच्या तोटीपासून आरंभ करून एकेक तोटी उघडतात, आणि क्लोरिनचा वास येताच बंद करतात. टाकीत पुन्हा त्याच प्रमाणात पाणी व चूर्ण भरून निदान तीन तास सर्व स्थिर ठेवतात. मग सर्वांत दूरच्या तोटीचे पाणी तपासतात. तेथे क्लोरिन मुळीच उरला नसेल, तर आतील घाणीने तो संपवला असे समजून सर्व क्रिया पुन्हा करावी लागते.

ह्या तपासणीत एक फसगत संभवते. डीपीडी गोळीने क्लोरिनयुक्त पाणी गुलाबी होते. परंतु क्लोरिन फार तीव्र असल्यास तो हा रंगच उडवून टाकतो आणि पाण्यात क्लोरिन नाही असा भास होतो. म्हणून नमुना क्लोरिनरहित पाण्याने पातळ करून तपासावा.

शेवटी हे तीव्र पाणी काढून टाकून सर्व नळ शुद्ध पाण्याने धुतात. तलावाकडे जाणाऱ्या नाल्यात ते तसेच सोडल्यास मासे मरतात. जंतुपरीक्षेचा नमुना धुण्यानंतरच घ्यावयाचा असतो; उरलासुरला क्लोरिन निष्प्रभ करण्यासाठी त्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही आढळला नाही, असा अहवाल हाती आल्यावरच हे पाणी पिण्यास द्यावे.