चित्रफितीची शिफारस कशी होते?
पाहण्याचा इतिहास आणि प्रेक्षकाचे समाधान : नव्या निर्मात्यांसाठी एक पाठ

शाळेतील पाठ, पीकसंरक्षणाची माहिती, ग्रामसभेपुढील विषय यांवरील चित्रफिती तयार करून त्या यूट्यूबवर ठेवण्याचे काम आज अनेक शिक्षक, कृषी कर्मचारी आणि पंचायत सदस्य करीत आहेत. चित्रफीत ठेवून झाली की पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ही चित्रफीत कोणाच्या पडद्यावर आपण होऊन जाईल आणि कोणाच्या जाणार नाही, हे ठरते कसे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा नशिबावर किंवा कोणा अज्ञाताच्या मर्जीवर ढकलले जाते. वस्तुतः या निवडीमागे एक निश्चित पद्धत आहे आणि तिचा गाभा यूट्यूबच्या अभियंत्यांनी आपल्या शोधनिबंधांतून व निवेदनांतून वेळोवेळी प्रसिद्धही केला आहे.

निवडीच्या दोन पायऱ्या

सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही निवड दोन पायऱ्यांनी होते असे सांगितले आहे. पहिल्या पायरीवर लक्षावधी चित्रफितींमधून एका प्रेक्षकासाठी काही शेकडा चित्रफिती वेचल्या जातात. या पायरीचा मुख्य आधार म्हणजे त्या प्रेक्षकाचा पाहण्याचा इतिहास. त्याने अलीकडे काय पाहिले, काय शोधले, आणि त्याच्यासारखाच इतिहास असलेल्या इतर प्रेक्षकांनी पुढे काय पाहिले, याची संगती यंत्र लावते. चित्रफितीचे नाव किंवा वर्णन यांपेक्षा ही संगती अधिक बोलकी ठरते. ठिबक सिंचन आणि डाळिंबाची छाटणी या विषयांवरील चित्रफिती पाहणारा शेतकरी पुढे रोगनियंत्रणाकडे वळतो, असे पुष्कळांच्या बाबतीत घडले असेल, तर तिसऱ्याच जिल्ह्यातील तशाच शेतकऱ्यापुढे रोगनियंत्रणाची चित्रफीत उमेदवार म्हणून उभी राहते.

दुसऱ्या पायरीवर या शेकडो उमेदवारांची बारकाईने छाननी होऊन क्रम लावला जातो. या वाहिनीच्या किती चित्रफिती या प्रेक्षकाने पूर्वी पाहिल्या, या विषयाकडे तो शेवटचा कधी वळला होता, अशा तपशिलांचा येथे विचार होतो. एखादी चित्रफीत नुकतीच पुढे ठेवली असता त्याने ती उघडली नसेल, तर पुढच्या वेळी ती खाली सरकते. त्याच निबंधात आणखी एक बाब नमूद आहे. यंत्राला शिकविताना प्रत्येक प्रेक्षकाकडून सारख्याच संख्येने उदाहरणे घेतली गेली, जेणेकरून दिवसभर चित्रफिती पाहणाऱ्या मूठभरांची आवड सर्वांवर लादली जाऊ नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इतिहास हा खात्याला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे. कार्यालयातील एकाच संगणकावर एकाच खात्याने चार जण चित्रफिती पाहत असतील, किंवा घरातील एकच फोन आजोबा आणि नातू वापरीत असतील, तर यंत्राला दिसतो तो भजन, कार्टून आणि शासन निर्णय यांची आवड असलेला एक चमत्कारिक गृहस्थ. म्हणूनच स्वतःच्या फोनवर स्वतःची चित्रफीत वारंवार दिसू लागली, म्हणजे ती सर्वत्र पोहोचली, असा निष्कर्ष निर्मात्याने काढू नये. ती त्याला दिसते याचे साधे कारण हे की, ती सर्वांत अधिक वेळा त्यानेच पाहिलेली असते.

मोजमाप कशाचे करावे?

क्रम लावावयाचा म्हणजे कोणते तरी मोजमाप हवे. आरंभीच्या काळात किती जणांनी चित्रफीत उघडली, यालाच महत्त्व होते. त्याचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. भडक मथळा आणि फसवे चित्र लावून उघडावयास लावणाऱ्या, पण आत काहीच नसलेल्या चित्रफिती वर आल्या. म्हणून २०१२ साली यूट्यूबने प्रत्यक्ष पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. हा बदल होताच एकूण उघडण्याची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली, असे यूट्यूबने पुढे २०२१ मधील निवेदनात सांगितले आहे. तथापि बदल मागे घेण्यात आला नाही.

परंतु वेळ हेही अपुरेच माप निघाले. माणूस एखादी गोष्ट शेवटपर्यंत पाहतो आणि नंतर वेळ फुकट गेला म्हणून हळहळतो, हा अनुभव कोणाला नाही? याकरिता समाधानाची मोजणी सुरू झाली. काही प्रेक्षकांना त्यांनी पाहिलेल्या एखाद्या चित्रफितीविषयी एक ते पाच तारे देण्यास सांगितले जाते. फार कमी किंवा फार जास्त तारे दिल्यास त्याचे कारणही विचारले जाते. चार किंवा पाच तारे मिळाले, तरच तो वेळ सार्थकी लागला असे धरतात. अर्थात सर्वच जण उत्तर देत नाहीत. म्हणून मिळालेल्या उत्तरांवरून यंत्राला शिकविले जाते आणि न विचारलेल्या प्रेक्षकाने काय उत्तर दिले असते, याचा अंदाज ते बांधते. हा अंदाज कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी काही उत्तरे मुद्दाम बाजूला ठेवून त्यांच्याशी तो ताडला जातो. पसंतीचा अंगठा, नापसंती, दुसऱ्यास पाठविणे आणि ‘यात रस नाही’ असे सांगणे, याही खुणा हिशेबात धरल्या जातात.

एक उदाहरण

हे सर्व आकड्यांत मांडून पाहू. समजा, डाळिंबावरील तेल्या रोगावर तीन चित्रफिती आहेत आणि प्रत्येकीचे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, १००० वेळा पडद्यांवर दाखविले गेले. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

पहिली चित्रफीत बारा मिनिटांची आहे. मथळा आहे ‘लाखोंचे नुकसान टाळा’. आरंभीची तीन मिनिटे दीपप्रज्वलन, स्वागत आणि पाहुण्यांचा परिचय यांत जातात. ८० जण ती उघडतात, पण सरासरी दीड मिनिटातच निघून जातात. एकूण पाहिलेला वेळ १२० मिनिटे. रोगाचे नावही त्यांच्या कानी पडत नाही.

दुसरी सहा मिनिटांची आहे. थंबनेलवर डाग पडलेले पान जवळून दाखविले आहे आणि मथळा आहे ‘तेल्याचे डाग कसे ओळखावे?’ पहिल्याच वाक्यात वक्ता पानावरील भिजल्यासारखे तेलकट डाग आणि फळावर डागाच्या ठिकाणी पडणाऱ्या, इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा दाखवितो. ५० जण उघडतात आणि सरासरी चार मिनिटे थांबतात. एकूण २०० मिनिटे.

तिसऱ्या चित्रफितीत ‘एकाच फवारणीत तेल्या नाहीसा’ असे आश्वासन आहे. तो गुप्त उपाय सांगण्याचे वक्ता शेवटपर्यंत लांबवीत नेतो. ६० जण उघडतात आणि उत्कंठेने सरासरी पाच मिनिटे खिळून राहतात. एकूण ३०० मिनिटे. हाती मात्र काहीच लागत नाही, कारण जिवाणूंमुळे होणारा हा रोग एका फवारणीने जाणारा नव्हे.

केवळ उघडण्याची संख्या मोजली, तर पहिली चित्रफीत अग्रक्रमी येते. केवळ वेळ मोजला, तर तिसरी येते. आता समाधानाचा अंदाज जोडून पाहावा. समजा, पहिलीला चार-पाच तारे देणारे दहात चार, दुसरीला दहात आठ आणि तिसरीला दहात दोनच आहेत. त्या प्रमाणात सार्थकी लागलेला वेळ अनुक्रमे ४८, १६० आणि ६० मिनिटे होतो. आता दुसरी चित्रफीत बऱ्याच फरकाने पुढे जाते. प्रत्यक्षातील हिशेब असा सरळ गुणाकाराचा नसतो. अनेक अंदाज एकत्र केले जातात आणि त्यांचे परस्परप्रमाण यूट्यूब प्रसिद्ध करीत नाही. मात्र दिशा हीच आहे.

निर्मात्याने काय पाहावे?

प्रेक्षकांनी दिलेले तारे निर्मात्याला दिसत नाहीत. त्याला स्टुडिओ या विभागात दोन आकडे अवश्य पाहता येतात. दाखविलेल्या थंबनेलपैकी किती टक्के वेळा चित्रफीत उघडली गेली, हा पहिला आकडा. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या वाहिन्या व चित्रफितींच्या बाबतीत तो २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. तेव्हा पाच टक्के पाहून खचून जाण्याचे कारण नाही. चित्रफीत अनोळखी प्रेक्षकांपुढे अधिकाधिक जाऊ लागली म्हणजे हा आकडा साहजिकच घसरतो, आणि ती घसरण अपयशाची नसून प्रसाराचीही असू शकते. दुसरी वस्तू म्हणजे प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून जातात हे दाखविणारी रेषा. ती पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळत असेल, तर मथळ्याने दिलेले वचन आणि आरंभ यांचा मेळ बसलेला नाही असे समजावे. ती मध्येच एका ठिकाणी तुटत असेल, तर नेमका तो क्षण पुन्हा पाहावा. तेथे बहुधा विषयांतर किंवा अस्पष्ट आवाज सापडतो.

प्रेक्षक कोठून आले, याचीही फोड तेथे मिळते. मुखपृष्ठावरून, दुसऱ्या चित्रफितीशेजारच्या शिफारशीतून, शोधातून की बाहेरच्या दुव्यावरून आले, हे वेगवेगळे दाखविलेले असते. ही फोड वाचल्याशिवाय केलेले निदान हमखास चुकते. पुष्कळ ठिकाणी नवी चित्रफीत निघाली की तिचा दुवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘सर्वांनी उघडावी’ असा आग्रह धरला जातो. दोनशे माणसे भिडेखातर ती उघडतात आणि दहा सेकंदांत बंद करतात. संख्या वाढलेली दिसते, पण जवळजवळ सर्व बाहेरच्या दुव्यावरून आलेली असते. त्यांपैकी बहुतेकांचा डाळिंबाशी संबंध नसतो, आणि पाहण्याची रेषा आरंभीच जमिनीला टेकते. तोच दुवा तालुक्यातील चाळीस डाळिंब बागायतदारांच्या गटावर टाकला, तर उघडणारे तीसच असतील, पण ते डागाचे चित्र येईपर्यंत थांबतील, आपल्या बागेतील पानाशी ते ताडून पाहतील आणि शेजाऱ्यास पाठवतील. त्या तिसांचा पाहण्याचा इतिहास इतर बागायतदारांच्या इतिहासाशी जुळणारा असल्यामुळे, पहिल्या पायरीवर कोणापुढे उमेदवार उभा करावा, याचा धागा यंत्राच्या हाती लागतो.