सगळ्यात लवकर संपणारा ट्रेसर सगळ्यात सोयीचा नसतो

पाइपलाइनमधून किती पाणी जातं हे मोजायला रेडिओट्रेसर वापरायचं ठरलं, की बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, "जे लवकरात लवकर संपेल तेच आणा." एका रसायन कारखान्यात नेमकं हेच झालं. कूलिंग वॉटरच्या मुख्य लाइनवरच्या फ्लोमीटरवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी ब्रोमीन-82 सुचवलं. व्यवस्थापनाने टेक्नेशियम-99एमचा आग्रह धरला, कारण ब्रोमीनचं अर्धायुष्य सुमारे 35 तासांचं, तर टेक्नेशियमचं फक्त 6 तासांचं.

मोजणी तशी साधी असते. पाण्यात ट्रेसरचा छोटासा डोस एकदम सोडायचा. तो पाइपच्या पूर्ण छेदात मिसळावा म्हणून व्यासाच्या निदान शंभरपट अंतर जाऊ द्यायचं, आणि मग पाइपला बाहेरून दोन डिटेक्टर लावायचे. स्क्रीनवर आधी पहिल्या डिटेक्टरचं शिखर दिसतं, थोड्या वेळाने दुसऱ्याचं. आमच्या लाइनचा आतला व्यास 300 मिलिमीटर होता आणि डिटेक्टरांत 60 मीटर अंतर. दोन शिखरांमध्ये 40 सेकंद गेले, तर वेग सेकंदाला दीड मीटर आणि प्रवाह तासाला सुमारे 382 घनमीटर.

या 40 सेकंदांत टेक्नेशियम हजारात एक-दीड भागच कमी होतं. ब्रोमीन तर त्याहूनही कमी. म्हणजे प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी दोघांच्या अर्धायुष्याने काही बिघडत नाही. अर्धायुष्याचा हिशेब लागतो तो मोजणीच्या आधी आणि नंतर.

आधीचं आमच्या वाट्याला आलं. टेक्नेशियम सकाळी पोचलं आणि त्याच दिवशी एका पंपाचं सील गेलं. कामाचं पर्मिट मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. 24 तास म्हणजे चार अर्धायुष्यं, म्हणून उरला सोळावा हिस्सा. त्यात टेक्नेशियमचा गॅमा किरण 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तसा दुबळा. 10 मिलिमीटर पोलादी भिंतीतून त्याचा जेमतेम सहावा हिस्सा थेट बाहेर पडतो. ब्रोमीनचे किरण बरेच जोरदार असल्याने त्यांतले निम्म्याहून जास्त पार होतात. आमच्या स्क्रीनवर पहिलं शिखर दिसलं, पण दुसरं अंतर कापता कापता पसरून पार्श्वभूमीच्या चढउतारात बुडालं. त्याचा माथा कुठे धरायचा हेच ठरेना. वेळ दोन सेकंदांनी हुकली तरी प्रवाहात 5 टक्क्यांचा फरक पडतो. ज्या फ्लोमीटरवर संशय होता, त्याचा निवाडा अशा आकड्यावर करता येत नाही. अशी शंका आली की डोस पुन्हा सोडून बघावा. दोन वेळच्या मोजण्या जुळल्या नाहीत, तर आकडा अहवालात घालू नये.

दवाखान्यात असतो तसा जनरेटर जागेवर नेऊन टेक्नेशियम ताजं काढता येतं, हे खरं. त्याने उशिराचा प्रश्न सुटतो, भिंतीचा नाही.

मग दुसऱ्या टोकाचा सल्ला येतो: आयोडीन-131 आणा, 8 दिवस टिकतं, घाई नको. इथे नंतरचा हिशेब आडवा येतो. कूलिंग वॉटर बंद चक्रात फिरतं. सोडलेला डोस पुन्हा त्याच डिटेक्टरांपुढून जातो आणि हळूहळू सगळ्या पाण्यात मिसळून पार्श्वभूमी वर चढवतो. आयोडीनचं दुसऱ्या दिवशीही 90 टक्क्यांहून जास्त शिल्लक असतं, त्यामुळे पुढच्या मोजणीला ते नडतं. त्यात टॉवरचं ब्लोडाऊन बाहेर सोडायचं असतं. पंधरा दिवसांनी ब्रोमीनचा हजारावा हिस्साही उरत नाही, आयोडीनचा मात्र सुमारे 27 टक्के उरतो.

म्हणून ऑर्डर देताना उलटीकडून मोजा. डोस सोडायच्या क्षणी किती मेगाबेकरेल हवे, ते आधी ठरवा. त्यात प्रवासाचे तास आणि एका दिवसाच्या खोळंब्याचे तास धरा. समजा 200 मेगाबेकरेल हवे आहेत आणि मधे 35 तास जाणार आहेत. ब्रोमीन 400 मागवावं लागेल. टेक्नेशियम मात्र सुमारे 57 पट, म्हणजे 11 हजारांच्या वर. काम वेळेवर झालं, तर तो सगळा साठा तुमच्याच माणसांना हाताळावा लागेल. ब्रोमीन अणुभट्टीत तयार होतं, त्यामुळे त्याची तारीख आधी बांधून घ्यावी लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही त्याआधीच हातात हवी.

अर्धायुष्य कितीही अचूक निवडलं, तरी एक गोष्ट ते सांभाळत नाही. पाइपात आतून 5 मिलिमीटर क्षार बसला असेल, तर 300 चा व्यास 290 होतो आणि प्रवाह सुमारे 7 टक्के जास्त दिसतो. ट्रेसर वेग सांगतो, व्यास नाही. तो अल्ट्रासोनिकने तपासूनच कामाला लागा.

आणि बैठकीत कुणी म्हणालं, "लवकर संपणारं आणा", तर विचारा: पंप वेळेवर सुरू होईल याची हमी कोण देतो? हमी नसेल, तर सहा तासांचा ट्रेसर बाहेरून मागवू नका.