मोदकाच्या वर्गातली एक जागा रिकामी राहिली तर

गणपतीच्या आधी एका रविवारी, ६ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता उकडीच्या मोदकांचा वर्ग आहे. जागा दहाच, कारण त्याहून जास्त माणसं असली की पारीच्या कळ्या पाडताना प्रत्येकाच्या बोटांकडे लक्ष देता येत नाही. फी दीड हजार. गुरुवारी संध्याकाळी एका ताईंचा निरोप येतो, ‘घरी पाहुणे आलेत, जमणार नाही. पैसे परत मिळतील ना?’ याचं उत्तर फी घेतानाच लिहून दिलेलं हवं. पण काय लिहायचं, हे दुसऱ्याचे नियम उतरवून नव्हे, आपली खर्चाची वही उघडून ठरवावं.

वही अशी आहे. हॉलचं भाडं ३,००० आणि मदतनीस बाईंचे १,०००. चार जण आले तरी हे चार हजार जाणारच. नारळ, गूळ, पिठी, तूप, केळीची पानं आणि शेवटचं जेवण मिळून माणशी ३५०. दहा जागा भरल्या तर १५,००० जमतात, ७,५०० खर्च होतात आणि उरलेले ७,५०० शिकवणारीचे. एक जागा रिकामी राहिली आणि तिचं सामान अजून आणलेलं नसेल, तर बुडतात ते १,१५० रुपये. सामान आणून झालं असेल, तर पूर्ण १,५००.

म्हणजे कापायची रक्कम दोन गोष्टींवर ठरते: ती जागा दुसऱ्या कुणाला देता येईल का, आणि सामान आणून झालंय का. आठवडाभर आधी कळलं तर प्रतीक्षा यादीतलं कुणी सहज मिळतं, नुकसान होतच नाही. मग कापायचं कशाला? गुरुवारनंतर मात्र लोकांचा रविवार ठरलेला असतो, आणि शुक्रवारी सामान येतं.

त्यावरून मी मसुदा असा लिहीन:

‘रविवार, ३० ऑगस्ट, रात्री ९ पर्यंत कळवल्यास पूर्ण फी परत. त्यानंतर गुरुवार, ३ सप्टेंबर, रात्री ९ पर्यंत कळवल्यास निम्मी फी परत. मात्र तुमची जागा दुसऱ्या कुणी घेतली, तर १०० रुपये वजा करून बाकी सगळी परत. त्यानंतर फी परत मिळणार नाही, पण तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणालाही पाठवता येईल. रद्द करत असल्याचा निरोप याच व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर द्यावा. निरोप पाठवल्याची वेळ धरली जाईल. पैसे सात दिवसांत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा होतील.’

‘सात दिवस आधी’ असं न लिहिता तारीख आणि वेळ लिहिली आहे, ती मुद्दाम. वर्गाचा दिवस मोजायचा की नाही, यावरूनच निम्मी भांडणं होतात. निम्मी फी ठेवली तरी शिकवणारीचे ४०० रुपये कमीच होतात, म्हणजे तोटा दोघी वाटून घेतात. आणि जागा पुन्हा भरल्यावरही पहिलीची निम्मी फी ठेवून घेणं म्हणजे एकाच जागेचे दोनदा पैसे घेणं. हे मला अजिबात पटत नाही.

‘पैसे परत नाहीत, पुढच्या वर्गाला या,’ हा पर्याय पोळ्यांच्या किंवा रोजच्या भाज्यांच्या वर्गाला चालतो. मोदकांना चालत नाही. चतुर्थी होऊन गेल्यावर त्या ताईंना पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. म्हणून हंगामी वर्गात हा पर्याय त्यांच्या मर्जीवर ठेवावा, सक्तीने नाही.

आता दुसरी बाजू, जी लिहायची बहुतेकजण विसरतात. वर्ग तुम्हीच रद्द केला तर? वरच्या हिशेबात चार जण आले की खर्च जेमतेम निघतो, सहा आले की २,९०० उरतात. तेव्हा लिहावं: ‘किमान सहा जण न झाल्यास २ सप्टेंबरला कळवू आणि पूर्ण फी परत करू.’ शिकवणारी आजारी पडली, पावसाने रस्ते बंद झाले, तरीही पूर्ण फीच. ऑनलाइन पैसे भरताना मधल्या कंपनीने कापलेलं शुल्क अशा वेळी तुम्ही सोसायचं. हॉलवाल्यांना अनामत देण्याआधी ती कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते ते विचारा आणि तुमचा निर्णयाचा दिवस त्याच्या आधी ठेवा.

‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ ही ओळ छापून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेत कमतरता राहिली, तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. शिकायला येणाऱ्यांनी म्हणूनच फी भरण्याआधी हा मजकूर मागून घ्यावा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. कुणी दादच देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गुरुवारी संध्याकाळी सातला निरोप पाठवणाऱ्या त्या ताई मुदतीत आहेत. प्रतीक्षा यादीतून कुणी आलं तर त्यांना १,४०० मिळतील, नाही तर ७५०.